एक अर्ज, एक विषय

पोचताईला एखाद्या दिवशी मेसमध्ये जेवायचं नसलं, तर ती तोंडी सांगायची नाही. ‘उद्या रात्री माझे जेवण नको’ असं दोन चिठ्ठ्यांवर लिहायची, एक मेसच्या मावशींना द्यायची आणि दुसरीवर त्यांची सही घ्यायची. मावशी पोळ्या लाटता लाटता पिठाच्या बोटांनी सही करायच्या आणि म्हणायच्या, “घे बाई तुझी पोच, आणि जा.” तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण नाशिकच्या त्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात ते कुणी वापरलं नाही. मी तिच्याहून एक वर्षाने लहान. मीही पोचताईच म्हणायचे.

आम्ही तिची यथेच्छ टिंगल केली. आंघोळीला नंबर लावला की “पोच दे गं” म्हणून ओरडायचो. ती हसायची, पण सवय सोडायची नाही. एकदा सहज विचारलं, तेव्हा कळलं. ती पेठकडच्या डोंगरातली. तिचे वडील कसत होते त्या वनजमिनीचा दावा त्यांनी तीनदा दाखल केला होता. तिन्ही वेळा कार्यालयात सांगितलं, तुमचा अर्ज आलेलाच नाही. “बापाच्या हातात काय बी नव्हतं,” ती म्हणाली. “कागद दिला आन् हात जोडून घरी आला. शिक्का नाय, नंबर नाय.” तिला बी.ए. होऊन कारकुनाची परीक्षा द्यायची होती. साहेब व्हायचं नव्हतं. आवक-जावकच्या टेबलावर बसून आलेल्या प्रत्येक माणसाला पोच द्यायची, एवढंच तिच्या मनात होतं. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच, त्यामुळे शेवटच्या वर्षाची परीक्षा तिच्यासाठी सगळं काही होती.

त्या वर्षी आमच्या विद्यार्थिनी समितीची मी अध्यक्ष होते आणि ती सचिव. मी मालेगावची, बोलण्यात पुढे, अक्षर मोत्यासारखं आणि त्याचा मला बराच माज. फेब्रुवारीत मेसबाहेरचा वॉटर कूलर बंद पडला. आधी पाणी गार होईना, मग त्याच्यातल्या फिल्टरचा लाल दिवा लागला आणि शेवटी तोटीतून थेंब येईना. आता प्यायला राहिले मागच्या ओट्यावरचे सहा नळ. त्याच नळांवर ताटं धुतली जायची. ओट्यावर शेवाळ, तोट्यांना चिकट काळा थर, आणि वरच्या टाकीचं झाकण फुटून तिथे पारव्यांनी संसार मांडलेला.

पोचताईने लगेच अर्ज लिहिला नाही. “पाहिलं तेवढंच लिहायचं,” हा तिचा नियम. आठवडाभर ती पहाटे उठून ओट्यावर उभी राहिली. कुणाची तरी नेलपॉलिश घेऊन तिने नळांना एक ते सहा असे आकडे घातले. नळ क्रमांक तीनला पहिली दहा मिनिटं लालसर पाणी. पाचची तोटी फिरते पण बंद होत नाही. सहाला वास. जिना चढून टाकीत डोकावली आणि काय दिसलं ते तारखेसह टिपून आली. आमच्यापैकी कुणीही ‘नळ घाण आहेत’ एवढं लिहून मोकळं झालं असतं.

मग तिने दोन अर्ज तयार केले. एक कूलर दुरुस्तीचा, दुसरा नळ आणि टाकी साफ करण्याचा. दोन्हीवर ‘प्रति, मा. गृहपाल’, खाली विषय, मुद्दे, सह्यांसाठी रकाने. मी दोन्ही वाचले आणि म्हणाले, “पाण्याचाच प्रश्न आहे ना, एकच कर. सह्यांसाठी दोनदा दारं ठोठावत कुठे हिंडायचं? आणि दोन्ही मुद्दे एकत्र आले की अर्जाला वजन येतं.”

“एक अर्ज, एक विषय,” ती म्हणाली. “दोन विषय घातले की एक अडकला तर दुसरा बी अडकतो.”

“कार्यालय तुझ्या बापाचं आहे का?” मी म्हणाले. चेष्टेतच म्हणाले, पण बोलले ते बोलले. तिने आपले दोन्ही अर्ज घडी करून ठेवले. मग म्हणाली, “तू अध्यक्ष हायेस. लिही.”

मी लिहिलं. सुंदर अक्षरात, विषयाच्या ओळीत ‘नादुरुस्त वॉटर कूलर व अस्वच्छ नळांबाबत’. एकाच संध्याकाळी शंभरावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी गृहपाल मॅडमकडे गेलो. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे दोन वसतिगृहांचा कार्यभार होता आणि त्यांची पर्स कायम खांद्यालाच असायची. त्यांनी अर्ज घेतला, पोचताईने दुसरी प्रत पुढे केली, शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही. बाहेर आल्यावर मी म्हणाले, “बघ, झालं काम.” ती शिक्क्यावर फुंकर घालत होती.

पुढे काय झालं ते मला आज पाठ आहे, कारण आता मी रोज तेच पाहते. कूलरचा काँप्रेसर गेला होता. तेवढी मोठी दुरुस्ती मॅडमच्या अधिकारात नव्हती. तीन दुकानांची दरपत्रकं मागवली गेली आणि आमचा मूळ अर्ज वर लावून फाइल जिल्हा कार्यालयात गेली. तिथे विचारणा झाली, हा कूलर जडवस्तू नोंदवहीत कुठल्या पानावर आहे? कुठल्याच पानावर नव्हता. तो कुणा दात्याने दिलेला, आणि घेताना त्याची नोंद करायची राहिली होती. सरकारदफ्तरी जो कूलर नव्हताच, त्याच्या दुरुस्तीला मंजुरी देणार कोण? फाइल त्रुटी लावून परत आली, खुलासा जोडून पुन्हा गेली. मार्च संपला.

“मॅडम, कूलर राहू द्या, निदान नळ आणि टाकी,” आम्ही विचारायला गेलो. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. “अगं, टाकी धुणं आणि तोट्या बदलणं माझ्या किरकोळ खर्चात बसतं. एका सकाळचं काम. पण तुमचा अर्ज एकच, आणि तो फाइलला लागलाय. त्याच अर्जावर मी इकडे परस्पर खर्च दाखवला, तर तपासणीत उत्तर कोण देणार? नळांचा वेगळा कागद असता तर तेव्हाच प्लंबर बोलावला असता.”

मी पोचताईकडे पाहिलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हाच तिचा दुसरा अर्ज काढून द्यायला हवा होता. पण मी मॅडमशी वाद घातला, त्यांना माणुसकीवर भाषण दिलं आणि तणतणत बाहेर आले. माझा अर्ज चुकला हे कबूल करणं मला जमलं नाही. तिनेही पुन्हा विषय काढला नाही. अध्यक्षाला डावलून सचिवाने कागद द्यायचा नसतो, हेही तिच्या नियमांत होतं.

ज्यांना परवडत होतं त्या मुलींनी पाण्याचे जार आणायला सुरुवात केली. मीही त्यांच्यात गेले. तिला म्हटलं, आमच्या खोलीतलं पी. ती म्हणाली, “आपणच विकत पाणी प्यायला लागलो तर साहेब म्हणतील, चाललंय की यांचं.” तिला जारमध्ये वाटा देणं झेपत नव्हतं आणि फुकट घेणं पटत नव्हतं, हे ती कधी बोलली नाही. सुती ओढणीची चौपदरी घडी करून ती नळाचं पाणी गाळून प्यायची.

एप्रिलमध्ये तिला ताप आला, मग उलट्या. एका सकाळी ती ओट्यावर दात घासत असताना मावशींनी तिची हनुवटी वर उचलली आणि हात तसाच थांबला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्या पंधरवड्यात आणखी चौघींना कावीळ झाली, पण त्या सावरल्या. पोचताईच्या अंगात त्राणच राहिलं नव्हतं. वडील न्यायला आले. परीक्षेला नऊ दिवस होते.

त्यांना पेठच्या गाडीत बसवायला मी गेले. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. वडील पायाशी पत्र्याची पेटी धरून. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचा मला हक्क वाटेना. गाडी सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, “माझ्या गादीखाली नळांचा अर्ज हाय. सह्या घे आन् दे. पोच घ्यायला इसरू नको.”

मी त्याच दुपारी सह्या घेतल्या. मॅडमनी अर्ज वाचला, नळांचे आकडे वाचले, शिक्का मारला. चौथ्या दिवशी प्लंबर आला. सहा तोट्या बदलल्या, टाकी उपसून धुतली, ब्लीचिंग टाकलं, नवं झाकण बसवलं. सगळं जेवणाच्या घंटेआधी उरकलं. मी ओट्यापाशी उभी राहून पाहत होते आणि मला स्वतःची घृणा वाटत होती.

परीक्षेला ती येऊ शकली नाही. गावात आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग दवाखाना, त्यात पावसाळा गेला. अभ्यासक्रमाची मुदत संपली तशी तिची वसतिगृहातली जागाही गेली. माझी पत्रं गेली, तिचं एक आलं. ‘आता बरी आहे. द्राक्षाच्या कामाला जाते.’ खाली सही आणि तारीख.

कारकुनाची परीक्षा मी दिली. गेली चार वर्षं मी जिल्ह्याच्या एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसते. जे टेबल तिला हवं होतं, ते मला मिळालं. कुणी एका कागदात दोन विषय आणले की मी परत पाठवते, दोन वेगळे लिहून आणा म्हणते. लोक वैतागतात. काही जण पाठ फिरवून बोलतात, तेही मी ऐकते.

गेल्या जानेवारीत रांगेत एक बाई उभी होती. हात चिरलेले, नखं द्राक्षाच्या औषधाने काळवंडलेली. मागे म्हातारा बाप. तिने दोन अर्ज पुढे केले, एक दाव्याच्या अपिलाचा, एक जुन्या कागदांच्या नकला मिळण्याचा. दोन वेगळे. दोन्हींच्या दोन दोन प्रती. मी मान वर केली.

“पोचताई,” मी म्हणाले.

“मॅडम,” ती म्हणाली आणि मग ओळखीचं हसली. “तू हायेस व्हय इथं. बरं झालं.”

मी चारही प्रतींवर शिक्के मारले. एक शिक्का तिरका पडला. टेबलाच्या काचेखाली नळांच्या अर्जाची पोच मी इतकी वर्षं ठेवली होती. ती काढून तिच्या हातात दिली. तिने आधी शिक्का पाहिला, आवक क्रमांक पाहिला, तारीख पाहिली. मग कागद उलटला. मागे मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, नळ बदलले, टाकी धुतली, आणि खाली तारीख. तिने दोन्ही तारखा पुन्हा पाहिल्या.

“माझं चुकलं, ताई,” मी म्हणाले. हे वाक्य म्हणायला मला सहा वर्षं लागली होती.

तिने बोटांवर दिवस मोजले. मागची रांग कुरकुरू लागली.

“चार दिवस,” ती म्हणाली.

मग तिने तो कागद नीट घडी करून मला परत दिला, स्वतःच्या दोन पोच घेतल्या, तिरक्या शिक्क्यावरचा नंबर वाचता येतो का ते पाहिलं, आणि बापाचा हात धरून पायऱ्या उतरून गेली.