वीस मिनिटांचे चणे

बायको गेल्यापासून माझ्या घरात कुकर लागला नव्हता. निर्मळ गावातल्या आमच्या शेजारणीने केटरिंग सुरू केलं, आणि एका कॅन्टीनने दिलेल्या इंग्रजी पाककृतीचं मराठी कार्ड करायला मला बोलावलं. उद्याची ऑर्डर जमली, तर रोजचं काम मिळणार होतं.

मी लिहिलं: सुके काबुली चणे चार किलो. रात्रभर भिजवून, शिजवून, निथळून नऊ किलो. साठ जणांना प्रत्येकी दीडशे ग्रॅम. कुकरला पूर्ण दाब आल्यापासून वीस मिनिटं.

“काका, शिट्ट्या लिहा ना,” शेजारणीकडची स्वयंपाकीण म्हणाली. “घड्याळात बघून कोण चणे शिजवतं?”

मला बायकोच्या पाच शिट्ट्या आठवल्या. लिहायचाही मोह झाला. पण तो आमच्या छोट्या कुकरचा अंदाज होता. इथला कुकर गुडघ्याएवढा. मी मिनिटंच ठेवली.

दुसऱ्या दिवशी चणे बोटांत चेपत होते, तरी अख्खे होते. काट्यावर नऊ किलो भरले.

“बरोबर साठ जणांचेच भरले. आता ह्या साठांत तुम्ही नाही हां, काका!” स्वयंपाकीण हसली.

घरी येऊन मी मूठभर चणे भिजत घातले. सकाळी छोटा कुकर लावला आणि पाच शिट्ट्या मोजल्या.