हातांवरची लाल फुली

निवृत्तीनंतर आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअॅप गटासाठी मी छोट्या चित्रफिती करू लागलो. विषय नेमका आणि भाषा सोपी ठेवायची, हा वर्गातला शिरस्ता तिथेही पाळत होतो. श्रावणात मी निर्माल्याचा विषय घेतला. धुळ्यात पांझरेच्या काठी आमचे महादेवाचे मंदिर आहे. तिथली बेलपाने आणि हार रोज नदीत जात. ते थांबावे, एवढाच माझा हेतू होता.

आधी चूक दाखवायची आणि मग बरोबर पद्धत, असा क्रम मी ठरवला. मंदिराची झाडलोट करून निर्माल्य नदीवर नेण्याचे काम शेजारच्या अक्का करत. पतीच्या निधनानंतर त्यांनी ती सेवा स्वतःहून अंगावर घेतली होती. मी त्यांना म्हणालो, “अक्का, विसर्जन कसं करतात ते दाखवायचं आहे. फक्त हात दिसतील.”

मी खोटे बोललो नव्हतो. अर्धे वाक्य मात्र गिळले होते. आपली सेवा लोकांना दाखवायची आहे, असे अक्का समजल्या. त्यांनी आधी हात धुतले. ओंजळीतली फुले पाण्याच्या अगदी जवळ नेऊन सोडली आणि तेच ओले हात जोडले. त्यांचा हा समज माझ्या लक्षात आला होता. प्रसंग छान टिपला गेला म्हणून मी गप्प राहिलो.

घरी येऊन त्या हातांवर मी लाल फुली मारली आणि खाली ठळक अक्षरांत ‘चूक’ असे लिहिले.

पुढचा भाग मी माझ्या अंगणात चित्रित केला. हारांतले दोरे, तारा, चमकी आणि कापराची वेष्टने वेगळी काढायची. प्रसादाचे गोड पदार्थ त्यात घालायचे नाहीत, कारण मुंग्या व उंदीर येतात. तळाला भोके असलेल्या टाकीत वाळलेल्या पाल्याचा थर, त्यावर बारीक केलेली फुले, वर थोडी माती आणि शेणकाला. ओल एवढीच, की मूठ दाबली तर पाणी गळू नये. अधूनमधून खालीवर करायचे. दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येऊ लागला की खत तयार. यातले काहीच चुकीचे नव्हते.

चित्रफीत वसाहतीबाहेरही फिरली. चेहरा दिसत नव्हता, पण अक्कांच्या मनगटावरचे तुळशीचे गोंदण आमच्या भागात कोणाला ठाऊक नाही? मंदिराबाहेरच्या फुलवालीने एके सकाळी मोठ्याने विचारले, “अक्का, चूक कराले निघनी का?” आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही तिथे हार घेत उभा होतो. तिला अडवावे असे मला वाटले, पण मी सुट्टे पैसे चाचपत राहिलो.

मंदिराच्या समितीने टाकी आणली. अक्कांना कोणी काही विचारले नाही. त्या मंदिरात यायच्या थांबल्या.

मी त्यांच्या दारी गेलो. त्यांनी पाट दिला, पाणी दिले आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

“गुरुजी, हाऊ मना हात शे ना?”

“हो अक्का.”

“मग हाई फुली कोनी मारी?”

“मी.”

“माले सांगतात तर मी नही म्हनती का? फुलं देवना शेतस. नदीले त्रास व्हस, ते माले बी समजस. पण मी हात जोडेल शेतस आनि तुम्ही वर चूक लिखं!”

चूक नदीत फुले टाकण्याची होती, जोडलेल्या हातांची नव्हती, असे मी म्हणालो. वर्गात शोभले असते असे ते उत्तर तिथे फार केविलवाणे वाटले.

“चूक दखाडनी शे तर तुमना हात दखाडा. तोंड बी दखाडा.”

मी तेच केले. नदीकाठी उभा राहून, कॅमेऱ्याकडे पाहत, अक्कांना न सांगता त्यांचे हात वापरले हे आधी सांगितले आणि मग विषयाला हात घातला. जुनी चित्रफीत गटातून काढली. अक्का दुसऱ्या दिवशी मंदिरात आल्या. टाकीपाशी बसून त्यांनी हारांतले दोरे ओढायला सुरुवात केली. फुले टाकीत घालण्यापूर्वी त्यांनी ओंजळ कपाळाला लावली. समितीचे नाना म्हणाले, “गुरुजी, हाई शूटिंग करा ना!”

“मना हात आते मोबाईलमा नको,” अक्का मान वर न करता म्हणाल्या.

मी मोबाईल खिशातून काढलाच नाही. टाकीसाठी वाळलेला पाला मात्र आता रोज मी गोळा करून आणतो. अक्का तो घेतात. पूर्वी त्या घरचे विचारत, गुडघ्यांचे सांगत. आता पाला पुरेसा आहे की नाही, एवढेच बोलतात.

काल शिंदखेड्याच्या एका नातलगाने मला एक उपयुक्त चित्रफीत पाठवली. ‘जरूर बघा,’ असे खाली लिहिले होते. उघडण्याआधीच ती लाल फुली दिसली.