कधी न आली परतून होडी

औंधकर सरांना तालुक्यात सगळे 'वृत्तवाले सर' म्हणायचे. त्यात आदर किती आणि टिंगल किती हे सरांनी कधी तपासलं नाही. तपासायचे ते फक्त कागद.

एकतीस वर्षं मराठी शिकवलं माणसानं. ऐन तारुण्यात कविता केल्या, चार मासिकांना पाठवल्या, चारही ठिकाणांहून साभार परत आल्या. मग पाचव्या ठिकाणी पाठवल्या नाहीत. लग्न झालं, नोकरीत कायम झाले, आणि कविता गेली ती दहावीच्या सरावपत्रिकेत. अलंकार आणि वृत्तांची वीस गुणांची पत्रिका सर स्वतः काढायचे आणि तिच्यातल्या ओळी स्वतः रचायचे. पुस्तकातली ओळ घेतली की पोरं मार्गदर्शकातलं उत्तर डोळे मिटून उतरवतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. पण एकतीस वर्षांत त्यांच्या ओळी कुणी मनापासून वाचल्या असतील तर त्या याच पत्रिकेवर, हेही तितकंच खरं होतं.

पत्रिकेत पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्याला सर आपल्या पदरचं एक हिरवं शाईपेन द्यायचे. पेन काही भारी नव्हतं. पण एकतीस वर्षांत ते फक्त सातजणांना मिळालं होतं. त्या सातांतली एक पुढे प्राध्यापिका झाली, हे सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. साडेएकोणीसवाल्याला कधी दिलं नाही, हेही सांगत.

सरांचं शेवटचं वर्ष चालू होतं. जूनअखेर निवृत्ती. आठवं पेन जानेवारीतच आणून कपाटात ठेवलेलं, आणि ते कुणासाठी हे अख्ख्या शिक्षकखोलीला ठाऊक होतं. यास्मिन मुलाणी. बाजारपेठेत दिलावर मुलाण्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, त्यांची मुलगी. सर ओळ म्हणायला लागले की ही पोर डोळे मिटायची आणि बाकावर बोटानं ताल धरायची. "वृत्त डोळ्यांनी बघायचं नसतं, कानानं ओळखायचं असतं," हे सरांचं आवडतं वाक्य. वर्गात ते मनावर घेणारी ती एकटी नसेल, पण सगळ्यांत जास्त तिनंच घेतलं.

फेब्रुवारीतली दुपार. मधल्या सुट्टीनंतरचा मोकळा तास. सर शिक्षकखोलीत अडतीस पत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते. समोर विज्ञानाचे पोळ सर डबा संपवत होते.

अलंकारांत नेहमीचाच गोंधळ. 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा, 'सारखा' दिसला की उपमा, एवढं पोरांना जमतं. पण दोन्ही शब्द नसले आणि कंदिलालाच सरळ म्हातारा म्हटलं, की रूपक ओळखताना निम्मा वर्ग गारद. सर ते मुकाट्यानं तपासत गेले. अडले ते सोळाव्या प्रश्नाशी.

'कधी न आली परतून होडी.' गण पाडा, वृत्त ओळखा.

ही त्यांची लाडकी ओळ. नदीकाठच्या गावात वाढलेल्या माणसाची. वर्गात ती शंभरदा म्हटलेली. अकरा अक्षरं, ज, त, ज, ग, ग. उपेंद्रवज्रा. इंद्रवज्रेशी हिचा फरक एवढाच, की इंद्रवज्रेचं पहिलं अक्षर गुरू असतं आणि हिचं लघू. बाकीची दहा अक्षरं तंतोतंत सारखी. वृत्तं पाठ्यक्रमात असोत नसोत, ही जुळी सर दरवर्षी शिकवायचेच.

आतापर्यंत अकराजणांनी इंद्रवज्रा लिहिलं होतं.

"पोळ, काय झालंय या पोरांना? अकराजण! 'क' वर गुरूची खूण करतात. ढळढळीत ऱ्हस्व अक्षर आहे."

"ध्यान नसंल, सर. परीक्षा आली, झोपा न्हाईत पोरांना."

"ध्यान नसलेले बरोबर आहेत. हा बघा जाधव. वर्षभर खिडकीबाहेर बघत बसला. फळ्यावरचा तक्ता पाठ केला, अक्षरं मोजली, उत्तर बरोबर. आणि पुढच्या बाकावरची शहाणी पोरं चुकली."

हे बोलताना सरांनी क्षणभर थांबायला हवं होतं. थांबले नाहीत. हातात पुढचा कागद होता, यास्मिनचा.

एकोणीस प्रश्न अचूक. रूपक ओळखून खाली कारणही दिलेलं: 'येथे दोन वस्तूंत साम्य नाही, एकरूपता आहे.' सरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चष्मा पुसला. मग सोळावा. 'क'वर आडवी रेघ, गुरूची. त, त, ज, ग, ग. इंद्रवज्रा.

"मुलाण्यांच्या पोरीचं काय झालं?" पोळांनी विचारलं.

"एक गेला."

"अरारा. सर, तिचा बाप परवा माझ्या शर्टाचं माप घेताना म्हणत हुता. पोरीला मराठी घिऊन शिकायचंय. बाप म्हणतोय गणित चांगलंय तर डिप्लोमा कर. शेवटी म्हणला, औंधकर सरांचं पेन मिळालं तर कला शाखेला घालतो, न्हाईतर माझं ऐकायचं. एक मार्क हो सर. जाऊ द्या की."

"एक मार्क सोडायचा होता तर एकतीस वर्षं काय झक मारली मी?"

आवाज चढला तसे पोळ डबा धुवायला उठले. सरांनी तांबड्या शाईनं 'क' भोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं: 'कान कुठे होते?' मग वर एकोणीस. वाईट वाटलंच त्यांना. पण त्या वाईट वाटण्याचाही थोडा अभिमान वाटला, आणि तोच नडला.

दुसऱ्या दिवशी पत्रिका वाटल्या. कागद हातात पडल्यावर यास्मिन बराच वेळ त्याकडं बघत राहिली. मग उभी राहिली.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"सर, कागदावर 'क' लघूच आहे, मला दिसतंय. पण तुम्ही ओळ म्हणता तेव्हा पहिलं अक्षर लांबतं. का-धी न आली, असं. मी मनात तुमच्यासारखंच म्हटलं आणि गण पाडले."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. तेवढंच. नुसतं ते हसू नसतं तर सरांनी कदाचित ओळ म्हणून बघितली असती.

"म्हणजे मी चुकीचं म्हणतो? तुझ्या वयाच्या दुप्पट वर्षं मी हे म्हणतोय. गुण गेला म्हणून मास्तरवर ढकलतेस?"

"तसं नाही सर, मी फक्त—"

"खाली बस. उपेंद्रवज्रेचे गण शंभरदा लिहून आण. पेन पाहिजे ना? पेन असं मिळत नाही."

आता सगळाच वर्ग हसला. यास्मिन बसली. दुसऱ्या दिवशी तिनं शंभर ओळी आणून टेबलावर ठेवल्या, सुबक अक्षरात, एकही खाडाखोड नाही. त्यानंतर सर ओळी म्हणायचे तेव्हा तिचे डोळे उघडे असायचे आणि हात मांडीवर. सरांच्या ते लक्षात आलं. पोर रुसलीय, येईल ताळ्यावर, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

बोर्डाची परीक्षा झाली, निकाल लागला, आणि जूनच्या तीस तारखेला शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, मुख्याध्यापिका चौगुले बाईंचं भाषण. सगळ्यात शेवटी पोळ उठले.

"सरांसाठी एक गंमत आणलीय. त्यांचा तास मी खिडकीतनं गुपचूप मोबाइलवर घेतला हुता. ऐका."

मोबाइल ध्वनिक्षेपकाला धरला. खरखर झाली, मग सरांचाच आवाज सभागृहात भरला. सर हसत ऐकायला लागले.

"काऽधी न आली परतून होडी..."

सरांचं हसू राहिलं तसंच तोंडावर, पण आतून ते गेलं. पुन्हा तीच ओळ आली. पुन्हा 'काऽ'. तिसऱ्यांदाही. तरुणपणी बसवलेली चाल होती ती. पहिल्या अक्षरावर रेंगाळल्याशिवाय त्यांना ओळ सुरूच करता येत नव्हती. कानानं ऐकणाऱ्याला ती सरळ सरळ इंद्रवज्रा होती. यास्मिन धरून बारा पोरं चुकली होती, ती ऐकत नव्हती म्हणून नव्हे. ऐकत होती म्हणून. आणि जाधव बरोबर आला, कारण वर्षभर त्याला आवाज पोचलाच नव्हता. दरवर्षी असंच झालं असणार. ज्यांनी जीव लावला त्यांच्या कागदावर तांबडे गोल, आणि हिरवी पेनं कुणाला गेली ते आता न मोजलेलंच बरं.

टाळ्या पडल्या. चौगुले बाई डोळे पुसत म्हणाल्या, "हा आवाज आता कुठं ऐकायला मिळणार?"

सकाळी सर पेन घेऊन मुलाण्यांच्या दुकानात गेले. दिलावरभाई मशीन थांबवून उठले, स्टूल पुसून पुढं केलं.

"या सर, बसा. यास्मिन, सर आल्यात, च्या टाक गं."

"प्रवेश कुठं घेतला तिनं?"

"सांगलीला, डिप्लोमा. परवाच नाव लागलं. रडली थोडी. पण सर, तुमच्यासारखा माणूस पेन देत न्हाई म्हंजे पोरीत तेवढा दम न्हाई. आम्हा अडाण्याला काय कळतंय त्यातलं? तुमच्यामुळं डोळं उघडलं बघा आमचं."

यास्मिन चहा घेऊन आली. सरांनी कप घेतला नाही. म्हणाले, "यास्मिन, तू म्हणालीस ते बरोबर होतं. मी ओळ चुकीची म्हणत होतो. काल मी माझ्या कानांनी ऐकलं." आणि पेन पुढं केलं.

यास्मिननं पेनाकडं बघितलं, हात मागंच ठेवले.

"नको सर. उत्तर माझं चुकलंच होतं. ती ओळ उपेंद्रवज्राच आहे."

"पण चूक माझी होती, पोरी."

"गुण माझा गेला ना सर."

हे ती रागानं बोलली नाही. राग असता तर सरांना सोसलं असतं. सरांचा हात तसाच पुढं राहिलेला बघून दिलावरभाईंना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी पटकन पेन घेतलं, टोपण काढलं आणि मापांच्या वहीत एका झंपराची छाती-कंबर लिहून बघितली.

"झ्याक चालतंय सर. दुकानात ऱ्हाईल, तुमची आठवण."

सर उठले. पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "कविता म्हणतेस ना अजून? वृत्तं ओळखतेस?"

"ओळखते सर. पण आता म्हणून बघत नाही. नुसती अक्षरं मोजते." ती गार झालेला कप उचलत म्हणाली, "आता एकही चुकत नाही."