रिंग कुणी फाडली

मला लोक मिस्त्री म्हणतात. कुकर, मिक्सर, शेगड्या, जे बिघडेल ते मी बघतो. हात चांगला आहे, डोकं गरम आहे. बायको म्हणते, तुमचं डोकंच आधी दुरुस्तीला टाका. तिचं कधी ऐकलं नाही, म्हणून आज हे सांगत बसलोय.

गोष्ट अक्कांची आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला काकूंची खानावळ आहे. तिथे अक्का अकरा वर्षं भांडी आणि मोठा कुकर सांभाळत होत्या. बुटक्या, कमी बोलणाऱ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रोज काम आटोपलं की झाकणातली रबरी रिंग काढायच्या, धुवायच्या, पुसून खुंटीला अडकवायच्या. त्या रिंगला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी एकदा चेष्टा केली, "अक्का, नातवाला इतकं जपत नसाल." त्या म्हणाल्या, "नातू पुन्हा होईल. ही रिंग कुठे मिळते?"

खरंच मिळत नव्हती. तो कुकर बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता.

पण रबर ते रबर. वाफेने, तेलाने हळूहळू कडक होत गेलं. एक दिवस रिंग झाकणाच्या खाचेत अशी बसली की निघेना, आणि कडेने वाफ सुटायला लागली. अक्कांनीच काकूंना सांगितलं, "मी जोर लावत नाही, फाटेल. मिस्त्रींना बोलवा." काकूंनी मला बजावलं, "अख्खी काढा हं. नमुना पाठवून तशीच करून घ्यायची आहे. फाटली, ताणली गेली तर माप चुकेल."

मी झाकण मांडीवर घेऊन दाराशी बसलो. मागे तिघी जणी भाजी चिरत होत्या. अक्का म्हणाल्या, "थांबा मिस्त्री, कोमट पाणी आणते. भिजली की सुटेल."

मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि भांडी घासणारी बाई मला शिकवते याचा राग आला. अक्का पाण्याला वळल्या आणि मी स्क्रूड्रायव्हरचं टोक रिंगखाली घातलं. एकाच जागी उचकटलं. टर्र. बोटभर तुकडा खाचेतच राहिला.

माझी तर पाचावर धारण बसली. काकू आल्या. म्हणाल्या, "काय झालं?"

"आधीच कापलेली होती," मी म्हणालो. "कुणीतरी सुरी लावलीय हिला."

तोंडातून गेलं ते गेलं. अक्का कोमट पाण्याचं पातेलं घेऊन मागे उभ्या होत्या. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू सुरी लावलीस? आणि मला सांगतेस जोर लावत नाही म्हणून?"

"नाही हो काकू."

"मग कुणी? तुझ्याशिवाय तिला हात कोण लावतं?"

भाजी चिरायची थांबली होती. अक्कांनी पातेलं खाली ठेवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी हत्यारं आवरत होतो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी दुसऱ्यांना शंभर वेळा ऐकवली असेल. काकूंचा राग रिंगपेक्षा अक्का आपल्याशी खोटं बोलल्या असं वाटल्याचा होता. दुसऱ्या दिवसापासून अक्का खानावळीत दिसल्या नाहीत.

उद्या सांगू, परवा सांगू, असे चार महिने गेले. खानावळीवरून जायचं टाळायला मी लांबच्या रस्त्याने दुकानात जायला लागलो. बायकोलाही बोललो नाही. जेवताना कुकरची शिट्टी झाली की घास फिरायचा.

मग एका सकाळी अक्कांची सून दुकानात आली. घरातल्या कुकरचं झाकण पिशवीत होतं. "रिंग अडकलीय," ती म्हणाली. "सासूबाईंना काढायला सांगितलं तर हात लावत नाहीत. म्हणतात, माझ्या हातून फाटते, खानावळीत फाटलीच की. म्हणतात, सुरी लावली असेन, आठवत नसेल, वय झालं. काचेचं भांडंसुद्धा उचलत नाहीत हल्ली."

मला वाटलं होतं अक्का मला शिव्या देत असतील. शिव्या परवडल्या असत्या. त्या बाईने माझं खोटं खरं मानून स्वतःवरचा विश्वास सोडला होता. मी झाकण उचललं, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि सुनेच्या मागे निघालो.

अक्का खिडकीशी बसल्या होत्या, हात पदरात. मी उभ्यानेच सांगितलं. "अक्का, ती रिंग मी फाडली. स्क्रूड्रायव्हरने. तुमचा काही संबंध नव्हता. मी खोटं बोललो."

त्यांनी हात पदरातून काढले आणि उलटेसुलटे करून बघितले.

"म्हणजे मी सुरी लावली नव्हती?"

"नाही."

"मला तर ती हातात घेतल्याचंही आठवायला लागलं होतं," त्या म्हणाल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यांनी सुनेला कोमट पाणी आणि साबण आणायला सांगितलं. झाकण पालथं बुडवून ठेवलं. पाव तास भिजू दिलं. मग त्यांनी लाकडी पळी घेतली. तिच्या दांड्याचं गोल टोक रिंगच्या कडेखाली हलकेच सरकवलं, बोटभर रिंग वर केली, फटीत साबणाचं पाणी सोडलं आणि तिथेच थांबल्या. ओढली नाही. झाकण फिरवून समोरची बाजू तशीच सैल केली. मग मधल्या दोन. पुन्हा एक फेरा. पहिल्या फेऱ्याला दर वेळी चीर पडली का ते वाकून बघत होत्या, दुसऱ्या फेऱ्याला ते थांबलं. शेवटी दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी चहूबाजूंनी थोडी थोडी वर घेतली. रिंग बाहेर आली. काळी, कडक, पण अख्खी. त्यांनी ती उजेडात धरून पूर्ण फिरवून बघितली, कुठे चीर नव्हती.

"अक्का, मला माफ करा," मी म्हणालो.

"ते नंतर बघू," त्या म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या. "आधी काकूंकडे चला."

काकू हिशेबाच्या टेबलाशी बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. काकूंचा चेहरा पडला. त्या उठल्या, अक्कांचा हात धरला आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. अकरा वर्षं तुला बघितलं आणि याचं एका मिनिटात ऐकलं. उद्यापासून ये."

अक्कांनी हात सोडवून घेतला नाही, पण मानही हलवली नाही.

"त्या दिवशी भाजी चिरणाऱ्या तिघी इथे होत्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर मी खोटारडी ठरले. त्यांना बोलवा. मिस्त्री पुन्हा सांगतील."

काकूंनी आत हाक मारली. तिघी हात पुसत बाहेर आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीचं लग्न मी ठरवून दिलं होतं, ती मला दादा म्हणते. मी खाली बघून सुरुवात केली.

"वर बघून," अक्का म्हणाल्या.

मी वर बघितलं आणि पहिल्यापासून सांगितलं.