न शिजवता वाळवलेलं गोश्त

बकरी ईदनंतर कुरुंद्याला आमच्या घरात गोश्त वाळत पडतं. चरबी सगळी काढायची, कारण ती वाळत नाही, खवट होते. मग लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि मलमलीच्या आड दोरीवर टांगायच्या. पाणी निघून गेलं की सडणं थांबतं. पट्टी वाकवल्यावर तडकली की बरणीत. पुढे पावसाळ्यात भिजवून डाळीत रटरट शिजवायची. कोरडी कुणी खात नसे.

काही वर्षांपूर्वीची मी मात्र फार हुशार बाई. केस पांढरे झालेले, पण नवीन काही दिसलं की हात शिवशिवायचे. माझी नात नांदेडला नर्सिंग शिकायची. हॉस्टेलात चूल नाही, शेगडी नाही. ती म्हणाली, “दादी, बाजारात पाकिटातलं मिळतं, तसंच चघळायचं. तुमी करा ना.” झालं. सून भाजीपाला वाळवायला विजेचं यंत्र वापरते. ती माहेरी गेल्याचं पाहून या बाईसाहेबांनी, म्हणजे मी, त्यात कच्च्या पट्ट्या मांडल्या. यंत्र हाताला कोमट लागत होतं. तेवढ्या उबेत मस्त वाळल्या. काळं मीठ, मिरपूड लावली. मी स्वतःवर इतकी खूश, की नात डबा घेऊन बसमध्ये चढेपर्यंत मीच तारीफ करत होते.

सून परतली तेव्हा नातीला चघळायला दिल्याचं सांगून बरणीतल्या उरलेल्या पट्ट्या तिला दाखवल्या.

“अम्मी, आधी शिजवलं व्हतं का?”

“वाळवायचंय तर शिजवायचं काहून? कोरड्यात काय राहतंय?”

“मरत न्हाईत, नुसते निजतात जंतू,” ती म्हणाली. यंत्र घेतलं तेव्हा तिला हे शिकवलं होतं. “कोमट हवेत गोश्ताचं पाणी उडतं, तोवर ते थंडच राहतं. मग वाळलेले जंतू आणखी चिवट होतात, नंतरच्या उष्णतेनंही लवकर मरत न्हाईत. ओलं असतानाच आतपर्यंत कडक तापवायचं, मग वाळवायचं. डाळीत घालून खूप वेळ शिजवलं तर चालतं. पण ती तर तसंच खाणार.”

मी फोन लावला. नात म्हणाली, “दादी, मी एकच खाल्ली. बाकीच्या रूममेटला आवडल्या, तिनंच संपवल्या. ती रात्रीपासून सारखी बाथरूमला जाऊन राहिली. आता तिला दवाखान्यात नेलंय.”

पहिल्या बसने नांदेडला गेले. दवाखान्यात ती पोरगी सलाईन लावून पडली होती, ओठ वाळलेले. शेजारी तिची आई, शिरड शहापूरची. शेतातून उठून तशीच आलेली. साडीच्या काठाला माती होती. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, काय खाल्लं. माझी नात म्हणाली, “मेसची उसळ, मॅडम. तीच असंल.” माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

मी म्हटलं, “उसळ न्हाई. मी दिलेलं गोश्त. न शिजवता वाळवलेलं.”

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, बरं झालं सांगितलं, आता तपासायला काय पाठवायचं ते कळेल. त्या गेल्या. आई माझ्याकडे वळली.

“तुमी किती वर्षं करता हे?”

“लगीन झाल्यापासून.”

“मंग हे कसं झालं?”

“शिजवून खायचं ते न शिजवता दिलं. जास्त शहाणपण केलं.”

“व्हय, आमच्या लेकरावर,” ती म्हणाली. एवढंच. मग पोरीच्या कपाळावर हात ठेवला. “उद्या हिचं प्रॅक्टिकल व्हतं.”

शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी बाकड्याच्या कडेला बसून राहिले. ओआरएस आणून दिलं, आईने घेतलं. मी आणलेली केळी घेतली नाहीत. म्हणाली, “तुमीच खा, चाची. सोलून खायचंय, धोका न्हाई.” पोरगी डोळे मिटूनच किंचित हसली. आई हसली नाही.

पोरगी बरी झाली. प्रॅक्टिकल मात्र बुडालं, पुढच्या वेळी द्यावं लागलं. माझी नात मला परतीच्या बसवर सोडायला आली. तिथं म्हणाली, “मी खोटं बोलले, ते तुमच्यासाठी.” मी म्हटलं, “म्हणूनच मला खरं बोलावं लागलं.”

आता चघळायच्या पट्ट्या करायच्या तर आधी झाकण लावून उकळत्या मसाल्याच्या पाण्यात आतपर्यंत शिजवते, निथळते, मगच सुनेला विचारून यंत्रात मांडते. थोड्या कडक होतात, चव जराशी कमी. शिरड शहापूरला त्या पोरीच्या घरी एकदा पाठवायच्या म्हणून डबा भरला होता. दोनदा झाकण उघडलं, दोनदा लावलं. पाठवायची हिंमत झाली नाही.