शुक्रवारचा शिक्का

नगरपालिकेत सगळे त्यांना शिक्केकाका म्हणत. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारून तो नोंदवहीत चढवायचा, एवढंच त्यांचं काम. एकतीस वर्षं केलं. सेवापुस्तकात एक वाकडा शेरा नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचे आणि बायको ताटातच बघत राहायची.

त्यांचं खरं प्रेम मात्र शेजारच्या सभागृहावर होतं. काय दिवस होते ते! नगरसेवक गटारावरून एकमेकांच्या उरावर बसत, आणि शिवणकाम करता करता निवडून आलेल्या अध्यक्षबाई टेबलावर कात्रीच्या मुठीने ठकठक करून सगळ्यांना गप्प करत. आता निवृत्तीनंतर काकांना काही आठवत असेल तर ती ठकठक. जीव तुटतो त्यांचा.

त्या सोमवारी सकाळीच खडाजंगी सुरू झाली. खेळाचं मैदान एका बड्या माणसाच्या बाजारपेठेसाठी द्यायला सभा तयार नव्हती. भांडण म्हटलं की काकांचा पाय टेबलाखाली टिकत नसे. ते दारात जाऊन उभे राहिले. परत आले तोवर टपाल येऊन पडलं होतं. घाईघाईत त्यांनी शिक्के मारले. तारखेचं चक्र फिरवायचं राहूनच गेलं, आणि सगळ्या कागदांवर, परत पाठवायच्या पोचपावत्यांवरसुद्धा, शुक्रवार उमटला.

त्यात राज्य सरकारची नोटीस होती. नगरपालिका कर्तव्यात सतत कसूर करते, मग बरखास्त का करू नये, याचा खुलासा पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्या. अध्यक्षबाईंनी सोमवारपासून दिवस मोजले आणि पंधराव्या दिवशी सोळा पानी खुलासा पाठवला. सरकारने मात्र पोचपावतीवरचा शुक्रवार धरला. खुलासा तीन दिवस उशिरा आला, म्हणून वाचलाच नाही, म्हणणं मांडायला बोलावलंही नाही, आणि पालिका बरखास्त. खुर्चीत प्रशासक येऊन बसला. सभागृहाला कुलूप लागलं. सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यायचं बंधन होतं, पण मतदारयाद्यांचं काम गोगलगायीलाही लाज वाटेल अशा चालीने चाललं होतं.

अध्यक्षबाई उच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या वकिलाने कागदांच्या नकला मागितल्या, म्हणून काकांनी मूळ पत्र बाहेर काढलं. पाकीट फेकायचं नाही, पत्राच्या मागे टाचून ठेवायचं, ही त्यांची जुनी खोड. पाकिटावर पोस्टाचा छाप होता, शनिवारचा. शनिवारी टाकलेलं पत्र शुक्रवारी कसं पोचलं, हे पाठवणाऱ्यांनीही पाहिलं नव्हतं.

म्हणजे चक्र फिरवायचं राहिलं होतं, आणि ते काकांच्याच हातून. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. टाचणी काढली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. जेवणाच्या सुट्टीभर ते ते पाकीट मांडीवर घेऊन बसले आणि डबा तसाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वकिलाला प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. शिक्क्याची तारीख फिरवायची माझ्याकडून राहिली, भांडण ऐकायला गेलो होतो, असं जसंच्या तसं. वकील म्हणाला, भांडणाचं गाळू या. काका म्हणाले, "गाळू नका. तेच तर खरं आहे."

न्यायालयाने आदेश रद्द केला. खुलासा वेळेतच होता. तो वाचल्याशिवाय, म्हणणं ऐकल्याशिवाय आणि कारणं लिहिल्याशिवाय लोकांनी निवडलेली संस्था मोडता येत नाही, असं बजावलं. सरकारला पुढे जायचंच असेल तर रीतसर सुनावणी घ्यावी लागणार होती. ती झाली. अध्यक्षबाई दोन तास बोलल्या आणि प्रकरण तिथेच मिटलं. काकांच्या सेवापुस्तकात मात्र लेखी ताकीद चिकटली ती चिकटलीच.

पालिका परत आली, पण गेलेले चार महिने परत आले नाहीत. मुदत पाच वर्षांची ती पाच वर्षांचीच. मैदान वाचलं, पण त्याला घालायची भिंत अर्धीच उभी राहिली आणि मुदत संपली. नव्या सभेने वाचनालयाचं काम आधी घेतलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी अध्यक्षबाई पिशवी भरत होत्या. काका दारात घुटमळले. म्हणाले, "बाई, त्या चार महिन्यांत भिंत झाली असती. माझ्यामुळे राहिली."

त्यांना वाटलं, बाई म्हणतील, जाऊ द्या काका, तुमच्यामुळेच तर परत आलो. सगळं गाव तसंच म्हणत होतं.

बाईंनी पिशवीचं तोंड बांधलं. "हो," त्या म्हणाल्या, "झाली असती."

मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली आणि दोघं बराच वेळ रिकाम्या सभागृहात बसून राहिली.