ढोलीचं नाव

प्रेमिला कटरेंनी दिल्लीच्या मोठ्या परीक्षेची मुख्य फेरी तीनदा दिली आणि तिन्ही वेळा थोडक्यात हुकली. चौथ्यांदा त्या बसल्याच नाहीत, आमगावात येऊन आमच्या क्लासमध्ये शिकवायला लागल्या. मी तिथे इतिहास शिकवतो, त्या पर्यावरण. माझ्या तासाला पोरं जांभया देतात आणि त्यांच्या तासाला खिडकीतही उभी असतात, हे मी पहिल्याच महिन्यात निमूट मान्य केलं. उगाच कशाला खोटं बोला.

पर्यावरणीय आघात मूल्यांकन हा विषय म्हणजे खरं तर कोरडा ठणठणीत. पण मॅडम तो लग्न ठरवल्यासारखा सांगायच्या. आधी छाननी, म्हणजे या प्रकल्पाला अभ्यास लागतो की नाही ते बघणं. मग व्याप्ती, म्हणजे काय काय तपासायचं ते ठरवणं. मग पायाभूत माहिती: आज तिथे पाणी, हवा, माती, पाखरं, माणसं कशी आहेत. मग परिणामांचा अंदाज आणि त्यावरचे उपाय. मग जनसुनावणी. मग तज्ज्ञ समिती सगळं तपासणार, मंजुरी द्यायची की नाही ते ठरणार, आणि मंजुरी मिळाली तर पुढे अटी पाळल्या जातात का त्यावर देखरेख. "पोरगी पाहणं एका दिवसाचं असते," त्या म्हणायच्या, "नांदवणं जन्मभराचं. देखरेख विसरली त्याचे मार्क गेले."

प्रश्न यायचा तो असा: अमुक जिल्ह्यातून महामार्ग जाणार आहे, तुम्ही तिथले अधिकारी आहात, काय कराल? त्याचं उत्तर लिहायची मॅडमची एक पद्धत होती. सुरुवातीला दोन ओळींत पेच मांडायचा. मग कोणाकोणाचा संबंध येतो ते. मग फायदे, आणि ते आधी. "पहिल्याच ओळीत विरोध केला तं तपासणारा म्हणते, हा अधिकारी नाही, मोर्चेवाला आहे." त्यानंतर तोटे, पर्याय, त्यातला निवडलेला पर्याय आणि त्याची कारणं, शेवटी तोल सांभाळणारा समारोप. आणि एक नियम त्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायच्या: स्वतःचं नाव नाही, गाव नाही, ओळख पटेल अशी कोणतीही खूण नाही. खूण दिसली की मेहनत पाण्यात. पोरांनी चुकून आपल्या गावाचं नाव लिहिलं तर त्या लाल पेनाने असं खोडायच्या की कागद फाटायचा.

त्यांचं स्वतःचं गाव आमगावपासून फार लांब नाही. वडील दुधराम कटरे, धानाची शेती. गावाच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे लहान तलाव, आणि खालच्या अंगाला सगळ्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. पावसाळ्यात बोडी भरली की जास्तीचं पाणी एका उतारावरून खाली येतं आणि बांधीबांधीतून फिरतं. त्या उताराला गावात ढोली म्हणतात. उन्हाळ्यात ढोली म्हणजे नुसती पायवाट, बकऱ्या चरतात. रोवणीच्या दिवसांत मात्र सारं गाव तिच्यावर जगतं.

नवा महामार्ग आखला गेला तो नेमका बोडी आणि बांध्यांच्या मधून, उंच भरावावर. जनसुनावणीची जाहिरात पेपरात आली तेव्हा मॅडमनी जिल्हा परिषदेत ठेवलेला अहवालाचा मसुदा बसून वाचला. सारांश नाही, अख्खा. परत आल्या त्या तणतणतच.

"सर, माहिती गोळा केली मार्च ते मे. पावसाळा सोडून एका हंगामाचा अभ्यास चालतो, तसा नियमच आहे. पण त्यांना ढोली कशी दिसणार? पाणी जिथून रस्ता ओलांडते त्या जागांच्या तक्त्यात ती नाहीच. तिथे रस्त्याखाली मोरी नाही, पाइप नाही, काहीच नाही."

"मग सांगा ना सुनावणीत," मी म्हटलं.

"त्यासाठीच तं सुनावणी असते!"

एवढंच होतं सगळं. रस्ता अडवायचा नव्हता. गावातल्या निम्म्या पोरांना तो हवाच होता. ढोलीवर पाणी जायला वाट ठेवा, एवढंच नोंदवायचं होतं, आणि नोंदवायची जागा तीच होती. गावाची बैठक झाली तेव्हा चारजण बोलायला तयार होते. दुधरामकाका उठून म्हणाले, "तुम्ही कायले बोलता? चार तोंडं, चार गोठी. माही पोरगी शिकवते हेच. ते बोलन सगळ्याइच्या वतीनं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुनावणीला मीही गेलो. मंडप, खुर्च्या, मंचावर अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण मंडळाचे अधिकारी, बाजूला रस्ता बांधणाऱ्यांची माणसं. गर्दी मोठी, म्हणून साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की थोडक्यात बोला. प्रेमिला मॅडमचं नाव पुकारलं, आणि दुधरामकाका बसल्या जागी ताठ झाले. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा. पोरगी माइकपाशी पोचेपर्यंत त्यांचं आजूबाजूच्या तिघांना कोपराने ढोसून झालं होतं.

काय बोलल्या मॅडम! मला वाटतं, त्या मुख्य परीक्षेत इतकं सुंदर त्यांनी कधीच लिहिलं नसेल. विकास आणि पर्यावरण यांतला पेच. कोणाकोणाचा संबंध: शेतकरी, शेतमजूर, मासेमार, व्यापारी, प्रवासी, शासन. मग फायदे: दवाखाना जवळ येईल, धान बाजारात लवकर पोचेल. मग परिणाम. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मॅडमनी ते पाहिलं आणि मजकूर आवरता घेतला, अगदी परीक्षेतली शेवटची पाच मिनिटं असावीत तसा. "सखल भागातील नैसर्गिक प्रवाह लक्षात घेऊन पाण्याच्या निचऱ्याची पुरेशी व्यवस्था करण्यात यावी. शाश्वत विकास हाच मध्यममार्ग आहे. धन्यवाद."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मंचावरचे साहेबसुद्धा हसून मान हलवते झाले.

शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवलं. "श्रीमती कटरे यांनी प्रकल्पाची आवश्यकता मान्य करून निचऱ्याची पुरेशी व्यवस्था करण्याची सूचना केली. प्रकल्पधारकाचे उत्तर: निकषांप्रमाणे व्यवस्था करण्यात येईल." अजून कोणाला काही सांगायचंय का, असं विचारलं. गावाचं कोणी उठलं नाही. त्यांचं बोलणं झालं होतं.

मॅडमनी ढोलीचं नाव घेतलं नव्हतं. गावाचं नाव नाही, जागा नाही, महिना नाही. इतकी वर्षं जे लाल पेनाने खोडलं, ते तोंडातूनही आलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्या दिवशी हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यांच्या नाही, माझ्याही नाही.

ध्यानात आलं ते भराव चढला तेव्हा. मॅडम धावत साइटवर गेल्या. तिथला इंजिनिअर भला माणूस होता, त्याने नकाशा उलगडून दाखवला. मंजुरीत अट होती: निचऱ्याची पुरेशी व्यवस्था. नकाशात जिथे जिथे प्रवाह होता तिथे तिथे मोरी होती. म्हणजे अट पाळली गेली होती. "मॅडम, सुनावणीत जागा दाखवली असती तो सलाहकार को सर्वे दुबारा करना पडता," तो म्हणाला. "आपके बयान में जगह किधर है?"

त्या दिवशी त्या क्लासवर आल्या आणि ऑफिसात बसून रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तसाच राहिला. "मले ढोली माहीत होती सर," एवढंच त्या म्हणत राहिल्या. "मी तिच्या पाण्यात खेळली. मले माहीत होती." मग अर्ज झाले, कलेक्टर कचेरी झाली, मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयाला पत्रं गेली. मंजुरीला आव्हान द्यायची मुदत केव्हाच उलटली होती. उत्तर आलं की मागणी तपासण्यात येत आहे. तपासणं चालूच राहिलं आणि पाऊस आला.

बोडी भरली. पाणी ढोलीवरून उतरलं, भरावाला टेकलं आणि थांबलं. वरच्या अंगाची आठ-दहा घरं आठवडाभर पाण्यात, आणि खालच्या बांध्यांत चिखलणी करायला पाणी नाही. पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, जागेवरच पिवळे पडले. आभाळातून पडेल तेवढ्यावर निम्म्या बांध्या रोवल्या, निम्म्या पडीत राहिल्या. दुधरामकाकांची सगळीच पडीत राहिली. भरावावरून मात्र गाड्या झकास पळत होत्या.

गावाने तोंड सोडलं, आणि का सोडू नये? पण ऐकून घ्यायला मॅडम गावात नव्हत्या, काका होते. त्यांनी एकच धरून ठेवलं: पोरीनं ढोलीचं नाव घेतलं होतं, साहेबाईनं, म्हणजे साहेबांनी, लिहिताना गाळलं. पानठेल्यावर, देवळाच्या पारावर, जो भेटेल त्याला. त्यांचा त्यावर खरोखरच विश्वास होता. त्या दिवशी त्यांनी शब्द ऐकलेच नव्हते, फक्त पोरगी ऐकली होती.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांना राहवेना. "बाबाले सांगावंच लागन," म्हणाल्या, आणि एकटीने जायचं धैर्य नव्हतं म्हणून मला सोबत नेलं.

काका ओसरीवर सुतळी वळत बसले होते. मॅडम समोर खाली बसल्या.

"बाबा, साहेबाईनं काही नाही गाळलं. मीच नाव नाही घेतलं."

"कायले असं बोलतेस? घेतलं ना. म्या आयकलं."

"नाही घेतलं बाबा. सगळं बोलली, तेच नाही बोलली."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं, आणि त्यांना उत्तर मिळालं. हातातली सुतळी त्यांनी बाजूला ठेवली. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं, मॅडम त्याचीच वाट पाहत होत्या.

"जेवून घे," ते म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लं नसन तुनं."

तिच्या डोक्यावर हात ठेवून ते उठले आणि दुपट्टा घेऊन बाहेर पडले. मॅडमनी मला डोळ्यांनी खुणावलं, बघा कुठे जातात. मी मागोमाग गेलो.

पानठेल्यावर उदाराम बसला होता. त्याचं घर वरच्या अंगाला, भिंत पडलेली. काकांना पाहताच तो म्हणाला, "काहो दुधराम, आली म्हणते तुही मॅडम? काऊन आली आता? का राहिलं बुडवाचं?"

काका थांबले. आवाज नेहमीपेक्षा मोठा काढला, पण तो फुटत होता.

"माह्या पोरीनं नाव घेतलं होतं. साहेबाईनं गाळलं." मग ते माझ्याकडे वळले. ठेल्यावरचे सगळेच वळले. "हे सर होते तिथं. यायले पुसा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या केविलवाण्या नजरेने मोठ्या माणसाने माझ्याकडे कधी पाहिलेलं मला आठवत नाही.

"घेतलं होतं," मी म्हणालो. "ढोली, ढोली असं दोनदा म्हणाल्या."